डावे आटे

सेव्ह चालू असतानाच मी पेन ड्राईव्ह ओढून काढला. मेस नऊला बंद होते त्यामुळे घाई होती, आणि स्क्रीनवर फिरणारं ते निळं चाक मी बघितलंच नाही. जेवून रूमवर आले तर लेथच्या टेलस्टॉकची आमची थ्रीडी असेंब्ली, Tailstock.SLDASM, उघडेना, साइज 0 केबी. शेजारी ~$Tailstock.SLDASM दिसली तेव्हा क्षणभर जीवात जीव आला, पण ती फाइल नुसती कोणी उघडलंय एवढंच सांगते, तिच्यात असेंब्लीतलं काही नसतं.

सकाळी दहाला सबमिशन, आणि ग्रुपमधल्या बाकी दोघी गावाला गेलेल्या.

वाटलं स्नेहल आता चिडणार. ती म्हणाली, "पार्ट उघडतायत का बघ आधी."

उघडले, बाराच्या बारा. असेंब्लीच्या फाइलमध्ये पार्ट नसतातच, कुठला पार्ट कशाला धरून बसलाय एवढंच असतं, म्हणजे गेले ते फक्त मेट. पण तेच तर आम्ही चार दिवस बसवत होतो.

"तू ड्रॉइंग वाच, मी लावते."

बॉडी ओरिजिनला फिक्स. बॅरल बोअरशी कॉन्सेंट्रिक. मग फेदर की, ती पहिल्यांदा उलटी बसली आणि स्क्रीनच्या कडेच्या झाडासारख्या यादीत लाल खुणांची रांगच लागली, स्नेहलने काही न बोलता अलाइनमेंट फ्लिप केली आणि की बॅरलच्या खाचेत अशी जाऊन बसली की मी श्वासच सोडला. दीडला लाईट गेले. बॅटरी 34 टक्के. ब्राइटनेस कमी करून आम्ही तसंच पुढे रेटलं, स्पिंडल, फ्लँज, हँडव्हील, क्लॅम्पिंग प्लेट.

शेवटी स्क्रू मेट, एका फेऱ्याला 5 एमएम. तिने हँडव्हील घड्याळाच्या दिशेने फिरवलं आणि बॅरल आत गेला.

"झालं गं!" ती म्हणाली.

"थांब, परत फिरव."

परत आत. मला वर्कशॉपमधला लेथ आठवला, काका ड्रिल लावून हँडव्हील उजवीकडे फिरवायचे आणि बॅरल जॉबच्या दिशेने बाहेर यायचा. स्पिंडल जागेवरच फिरतो ना, म्हणून उजवे आटे असले तर बॅरल आत ओढला जातो, टेलस्टॉकला डावेच लागतात. ड्रॉइंगवर बारीक अक्षरात LH लिहिलेलं होतं, आणि ते वाचायचं काम माझं होतं.

"अगं, रिव्हर्सवर टिक कर."

तिने केलं. फिरवलं. बॅरल हळूहळू बाहेर आला, टोकाला डेड सेंटर घेऊन. आम्ही दोघी उगाचच पाच-सहा वेळा आत-बाहेर करत बसलो.

बॅटरी 9 टक्के असताना सगळं झिप करून पेन ड्राईव्हवर टाकलं. कॉपी संपली तशी स्नेहलने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"तूच काढ."

इजेक्ट दाबलं, आणि काढायला हरकत नाही असा मेसेज येईपर्यंत हात मांडीवरच ठेवला.