खरड छाटणीच्या भागासाठी: 'घड का जिरले?' या राहिलेल्या प्रश्नावर बोलायला यायची इच्छा आहे

नमस्कार ताई,

तुमच्या मागच्या भागात सोलापूरकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलं होतं, "खतं वेळेवर दिली, तरी गोडी छाटणीनंतर घड जिरले. असं का?" वेळ संपल्यामुळे ते तिथेच राहिलं. त्यावरच बोलायला मला तुमच्या पॉडकास्टमध्ये यायचं आहे.

मी पिंपळगाव बसवंतला माती, पाणी आणि पानदेठ परीक्षणाची प्रयोगशाळा चालवते. हा प्रश्न माझ्या टेबलावर बहुतेक ऑक्टोबरनंतर येतो, आणि तेव्हा फार काही हातात उरलेलं नसतं. कारण घड ठरतो तो उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत डोळ्यात घडनिर्मिती होते. त्या काळात नत्र जास्त झालं, कॅनॉपी दाट होऊन डोळ्यांवर ऊन पडलं नाही, पालाश कमी पडलं किंवा बोअरच्या पाण्यातलं सोडियम वेलीला पालाश घेऊ देत नसेल, तर पुढे कितीही फवारण्या केल्या तरी घड वाढत नाहीत. चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता दिसते तीही वेगळी गोष्ट. तिथे खत जमिनीत असून वेलीला मिळत नाही.

म्हणून पंचेचाळिसाव्या दिवशीचं देठ परीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पण नमुना चुकला की रिपोर्ट वाया. तेव्हा पाचव्या पानाचा देठ घ्यायचा, फुलोऱ्यात मात्र घडासमोरच्या पानाचा, आणि पान लगेच देठापासून तोडून टाकायचं. एवढंही अनेकांना कोणी सांगितलेलं नसतं.

मला व्याख्यान द्यायचं नाही. तुमच्या श्रोत्यांपैकी नाशिक, सांगली आणि सोलापूरकडचे एकेक बागायतदार निवडा, त्यांचे जुने रिपोर्ट मागवा, कुठल्याही प्रयोगशाळेचे चालतील. रेकॉर्डिंगमध्ये आपण ते ओळीनं वाचू, आणि त्या बागेत मी काय बदललं असतं ते सांगेन. शेतकऱ्याची आणि प्रयोगशाळेची नावं घेऊ नयेत, एवढीच विनंती.

एक गोष्ट आधीच सांगते. तुमचे श्रोते हेच माझे ग्राहक आहेत, आणि या भागानंतर काही जण माझ्याकडे नमुने पाठवतील अशी मला आशा आहे. ते तुम्ही सुरुवातीलाच श्रोत्यांना सांगा. दर किंवा सवलत यावर मी कार्यक्रमात बोलणार नाही.

भाग मार्चअखेर प्रसिद्ध झाला तर एप्रिलच्या छाटणीआधी लोकांच्या कामाला येईल. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी तीननंतर मी मोकळी आहे. पुण्याला येईन किंवा फोनवरही चालेल. माझं बोलणं कानाला कसं वाटतं ते कळावं म्हणून एका रिपोर्टचं दोन मिनिटांचं वाचन सोबत जोडलं आहे. ते ऐकून याच मेलवर कळवा.

आपली,
स्मिता