मूठ

काकूंनी मोबाइल काउंटरवर ठेवला आणि पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "यातला सलाइनचा स्टँड तेवढा काढून द्या. रविवारी वर्षश्राद्ध आहे."

गोखले रोडवरच्या आमच्या स्टुडिओत अशी कामं नेहमीची. कुणाला फोटोतला मागचा कूलर नको असतो, कुणाला शेजारी उभा असलेला जावई. दर सांगायला मी तोंड उघडलं, पण फोटो पाहिला आणि थांबलो.

हॉस्पिटलचा कॉरिडॉर. काका गाऊनमध्ये, दाढी वाढलेली, आणि अगदी दात दिसेपर्यंत हसतायत. उजवा हात डोक्याच्या वर, त्या हाताने स्टँड घट्ट धरलेला.

"दुसरा एखादा नाही का?"

"आहे ना, आधार कार्डावरचा. त्यात हे कर्ज बुडवून पळाल्यासारखे दिसतात." मग जरा थांबून, "नणंद म्हणते, भिंतीवर आजारपण टांगू नये. मलाही ती बाटली बघवत नाही हो."

व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो मोठा केला की फाटतो, म्हणून नातवाकडून मूळ फाइल मागवली. काकू तिथेच स्टूल ओढून बसल्या. मागे पांढरी भिंत, त्यामुळे बाटली पटकन गेली. नळीने मात्र रडवलं. ती गाऊनच्या चुण्यांवरून आडवी गेलेली. क्लोन स्टँपने एकेक चुणी जुळवताना अर्धा तास गेला. मग हातावरची चिकटपट्टी.

"तिच्याखाली तीळ आहे," काकू म्हणाल्या.

अंदाजाने ठेवला.

"अंगठ्याकडे घ्या जरा. हं."

शेवटी दांडा पुसला आणि मलाच कसंतरी झालं. काका हवेत मूठ आवळून हसत उभे.

"काकू, छातीपर्यंतच ठेवू या का? हात कापून टाकतो."

त्या उठून स्क्रीनजवळ आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"एकतीस वर्षं असेच उभे राहिले. ठाणे ते व्हीटी. आत जागा असली तरी दाराशीच, दांडा धरून. त्या दिवशी नातवाला तेच करून दाखवत होते. 'पुढील स्टेशन मुलुंड' असं एवढ्या मोठ्यांदा ओरडले, की सिस्टर धावत आली."

मी माउस सोडला.

"हात राहू दे," त्या म्हणाल्या.

बारा बाय अठराची फ्रेम सोफ्यावरच्या भिंतीला चांगली दिसेल, असं मी सुचवलं.

"तिथे नको. दाराशेजारी लावते." त्यांनी दोन्ही हातांनी हवेत माप घेतलं. "पण तिथे मीटरचं खोकं आहे. आठ बाय बारा करा."