‘जालो’, ‘करलं’ यांबद्दल

नागपूर

सप्रेम नमस्कार,

सोमवारी तुमची लेक वर्गात म्हणाली, “आम्ही फुटाळ्याला जालो, मी चित्र करलं.” आधी ‘गेलो’, ‘केलं’ नीट म्हणायची, आता बिघडलं, ही तुमची काळजी कळते. पण हे बिघडणं नाही. तेव्हा ती ऐकलेलं जसंच्या तसं म्हणायची. आता ‘बस-बसलो’, ‘उठ-उठलो’ यांतला नियम तिनं स्वतः शोधलाय आणि तोच ‘जा’, ‘कर’ला लावतेय. मला याचा फार आनंद वाटतो! कृपया टोकू नका. “हो, फुटाळ्याला गेलो होतो ना आपण! काय पाहिलं?” एवढंच म्हणा. काही दिवस ‘करलं’ आणि ‘केलं’ दोन्ही ऐकू येतील.

आपली,
मराठीच्या बाई, केजी-२