संशोधन पद्धती : घरकामगार महिलांसाठी पीएसएस-१० चे मराठी रूपांतर आणि त्याची पारख

मूळ साधन आणि अभ्यासगट

पर्सिव्हड स्ट्रेस स्केल ही ताणाची जाणीव मोजणारी इंग्रजी प्रश्नावली १९८३ मध्ये शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १४ विधानांच्या रूपात मांडली. तिचे १० विधानांचे रूप, म्हणजे पीएसएस-१०, १९८८ मध्ये आले आणि तेच येथे घेतले आहे. विना-नफा शैक्षणिक संशोधनासाठी ते वापरण्यास वेगळी परवानगी लागत नाही. प्रत्येक विधानाला ० ते ४ गुण आहेत. ४, ५, ७ आणि ८ ही सकारात्मक विधाने असल्याने त्यांचे गुण उलटे मोजतात. एकूण गुण ० ते ४० असतात.

नवी मुंबईतील घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे आणि नेरुळ येथे धुणीभांडी, स्वयंपाक किंवा मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या, १८ ते ६० वयाच्या, मराठीत सहज बोलणाऱ्या महिला या अभ्यासात आहेत. त्यांत गावठाणातल्या आगरी-कोळी घरांतल्या, साताऱ्या-सांगलीकडून आलेल्या आणि मराठवाड्यातून आलेल्या, अशा तिन्ही प्रकारच्या बोली आहेत. बऱ्याच जणींना सलग वाचन अवघड जाते. म्हणून प्रश्नावली स्वतः भरून घेण्याऐवजी वाचून दाखवायची, हे भाषांतराआधीच ठरवले. प्रश्न कानाने एकदा ऐकून कळायला हवा, ही अट पुढच्या प्रत्येक शब्दनिवडीला लागू होती.

भाषांतर आणि उलट भाषांतर

दोन मराठी मातृभाषिकांनी एकमेकांशी न बोलता इंग्रजीतून भाषांतर केले. एक मानसशास्त्राच्या अध्यापक होत्या. दुसऱ्या व्यक्तीला या विषयाची माहिती नव्हती आणि मुद्दाम दिलीही नव्हती. दोन्ही मसुदे समोर ठेवून एक संयुक्त मसुदा केला आणि प्रत्येक मतभेद कारणासह नोंदवला. नंतर दोन द्विभाषिक व्यक्तींनी मूळ इंग्रजी प्रश्नावली न पाहता हा मसुदा पुन्हा इंग्रजीत नेला. दोन भाषांतरकार, मानसोपचारतज्ज्ञ, भाषेच्या अभ्यासक, संख्याशास्त्रज्ञ आणि घरकामगारांच्या बचतगटातील एक कार्यकर्ती अशा सहा जणांच्या समितीने सर्व मसुदे विधानागणिक तपासले.

उलट भाषांतर मुळाशी जुळले म्हणजे मराठी विधान ठीक, असे आम्ही मानलेले नाही. शब्दाला शब्द ठेवलेले वाक्य परत इंग्रजीत बिनचूक जाते, पण ऐकणारीला ते परकेच राहते. दहाव्या विधानात तेच दिसले. ‘अडचणींचा ढीग इतका उंच झाला की’ या मसुद्याचे उलट भाषांतर मुळाशी तंतोतंत जुळले, तरी बचतगटातल्या ताईंनी ‘असं कुणी बोलत नाही’ म्हणून त्याला हरकत घेतली. अंतिम वाक्य ‘अडचणींवर अडचणी येत गेल्या आणि आता यातून मार्ग निघणार नाही, असं तुम्हाला किती वेळा वाटलं?’ असे आहे. त्याचे उलट भाषांतर मुळापासून थोडे दूर जाते. अर्थ आणि तीव्रता टिकते म्हणून समितीने ते एकमताने स्वीकारले. आठव्या विधानात उलट भाषांतराचा खरा उपयोग झाला. ‘सगळी कामं वेळेवर उरकली’ हे वाक्य इंग्रजीत परत जाताना कामे संपवण्यापुरते उरले आणि परिस्थिती काबूत असल्याची भावना गळाली. तेथे ‘सगळं आपल्या आटोक्यात आहे’ ही शब्दयोजना घेतली.

आशयवैधतेसाठी समितीबाहेरच्या सहा तज्ज्ञांनी प्रत्येक विधानाच्या सुसंगततेला १ ते ४ गुण दिले. ३ किंवा ४ देणाऱ्यांचे प्रमाण म्हणजे त्या विधानाचा आशयवैधता निर्देशांक. स्वीकाराची मर्यादा ०.७८ होती. आठ विधानांना १.००, तर दोन विधानांना ०.८३ मिळाले. सरासरी ०.९७ आली.

आकलनाची चाचणी

मुख्य अभ्यासात नसलेल्या १२ महिलांच्या मुलाखती दोन फेऱ्यांत घेतल्या. प्रश्न वाचून झाल्यावर ‘ताई, हे तुम्हाला काय विचारलं असं वाटलं?’ असे विचारून त्यांच्याच शब्दांत अर्थ सांगायला लावला. सर्वांत मोठी अडचण विधानांत नव्हती, काळाच्या उल्लेखात होती. ‘गेल्या महिन्यात’ म्हटल्यावर काहींनी आजपर्यंतचे तीस दिवस धरले, तर काहींनी कॅलेंडरवरचा मागचा महिना. अंतिम रूपात ‘आजपासून मागचा महिनाभर’ असे आहे आणि मुलाखतकार सुरुवातीलाच त्या काळातला एखादा सण किंवा पगाराचा दिवस आठवून देते. उत्तराच्या पर्यायांतले ‘क्वचित’ पुस्तकी वाटले. त्याजागी ‘एखाद्याच वेळेस’ घेतले. शेवटचा पर्याय ‘खूप वेळा’ असा ठेवला, कारण ‘नेहमी’ मुळापेक्षा तीव्र होतो. लहान ते मोठ्या अशा पाच वर्तुळांचे कार्ड प्रत्येक प्रश्नाला समोर ठेवले. दुसऱ्या फेरीत कोणतेही विधान बदलावे लागले नाही.

माहिती संकलन आणि संख्याशास्त्रीय विश्लेषण

संस्थेच्या नीतिसमितीच्या मान्यतेनंतर जानेवारी ते एप्रिल २०२४ मध्ये २४४ मुलाखती झाल्या. चौघींनी एखादे उत्तर देण्यास नकार दिला, म्हणून विश्लेषणात २४० मुलाखती आहेत. तुलनेसाठी नैराश्याची लक्षणे मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीचे मराठी रूप त्याच बैठकीत वापरले. त्यातील मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या नवव्या प्रश्नाला ‘अजिबात नाही’ सोडून दुसरे उत्तर आल्यास मुलाखत तेथेच थांबवून समुपदेशकाशी जोडून द्यायचे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यायचा, असा नियम होता. तो प्रत्येक वेळी पाळला.

उत्तरे क्रमवाचक असल्याने पुष्टीकारक घटक विश्लेषण आर प्रणालीतील `lavaan` मध्ये WLSMV पद्धतीने केले. एकघटक आणि द्विघटक प्रतिमाने तपासली. द्विघटक प्रतिमान असे होते:

```r
m2 <- '
  neg =~ p1 + p2 + p3 + p6 + p9 + p10
  pos =~ p4 + p5 + p7 + p8
'
f2 <- cfa(m2, data = d, ordered = TRUE,
          estimator = "WLSMV")
```

एकघटक प्रतिमान जुळले नाही (CFI ०.८७०, RMSEA ०.१३१). द्विघटक प्रतिमानात CFI ०.९६६, RMSEA ०.०६८ आणि SRMR ०.०६१ आले. RMSEA रूढ ०.०६ च्या मर्यादेपेक्षा किंचित जास्त आहे. १९९९ मध्ये हू आणि बेंटलर यांनी सुचवलेल्या या मर्यादा सलग चलांच्या विश्लेषणावरून आलेल्या असल्याने आम्ही त्या यांत्रिकपणे लावल्या नाहीत. त्याचबरोबर आकडा खाली आणण्यासाठी विधानांच्या त्रुटी एकमेकींशी जोडण्याचा मार्गही घेतला नाही. दोन घटकांतील सहसंबंध −०.४८ होता.

क्रोनबाख अल्फा आणि ओमेगा दोन्ही उपमापनांसाठी वेगवेगळे काढले: नकारात्मक सहा विधानांसाठी ०.८४ आणि ०.८५, सकारात्मक चार विधानांसाठी ०.७३ आणि ०.७४. दहाही विधानांचा एकत्रित अल्फा दिलेला नाही, कारण रचना द्विघटक असताना तो दिशाभूल करतो. पीएचक्यू-९ शी किमान ०.४० सहसंबंध अपेक्षित धरला होता. स्पिअरमन सहसंबंध ०.५२ आला (९५% विश्वासांतर ०.४२ ते ०.६१).

पुनर्चाचणी ५० महिलांमध्ये १० ते १४ दिवसांनी, त्याच मुलाखतकाराकडून झाली. प्रश्न महिनाभराविषयी असल्याने याहून जास्त अंतर ठेवले असते, तर ताणातला खरा बदल साधनाच्या अस्थिरतेत मिसळला असता. आयसीसी (द्विमार्गी मिश्र प्रतिमान, संपूर्ण एकमत, एकेरी मापन) ०.८२ होता (९५% विश्वासांतर ०.७० ते ०.८९). एकूण गुणांचे प्रमाण विचलन ६.० धरता मापनाची प्रमाण त्रुटी २.५५ येते आणि ओळखता येणारा किमान बदल ७.१ गुणांचा. एखाद्या महिलेचे गुण दोन भेटींत पाच-सहाने कमी झाले, तर तेवढ्यावरून तिचा ताण उतरला असे या साधनाने म्हणता येणार नाही.

पीएसएस-१० निदानाचे साधन नाही. त्यामुळे कमी, मध्यम, जास्त अशा पायऱ्या न करता पुढील विश्लेषणात दोन्ही उपमापनांचे गुण सलग चल म्हणून वापरले आहेत. तिन्ही बोलीगटांत साधन सारखेच मोजते का, याची मापन-समतुल्यता तपासलेली नाही, कारण आगरी-कोळी गटात फक्त ४१ महिला होत्या. म्हणून गटागटांतील सरासरींची तुलना या प्रबंधात कोठेही केलेली नाही.