विषय: आजच्या फोनबद्दल – ऑफरचा निर्णय शुक्रवारी कळवते

नमस्कार मॅडम,

दुपारी फोनवर तुम्ही ‘आत्ताच हो म्हणा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल’ असं म्हणालात. मी तेव्हा होकार दिलेला नाही, आणि तसा गैरसमज राहू नये म्हणून हे लेखी कळवते आहे.

खराडीतल्या या कामात मला मनापासून रस आहे. टेक्निकल राउंडला टीमशी झालेलं बोलणं फार आवडलं. पण फोनवर ऐकलेल्या एका आकड्यावर मी नोकरी बदलू शकत नाही.

कृपया ऑफर लेटर, निदान त्याचा मसुदा, मेलवर पाठवा. वर्षाला १४ लाखांपैकी फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, आणि कंपनीचा पीएफचा वाटा व ग्रॅच्युइटी त्यातच धरली आहे का, हे त्यात स्पष्ट हवं. बॉण्ड आहे का, तेही. आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यावं लागेल? मी कोथरूडला राहते, म्हणजे रोज शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. माझ्यासाठी हा प्रश्न पगाराइतकाच मोठा आहे.

माझा नोटीस पीरियड ६० दिवसांचा आहे. सध्याच्या नोकरीचा राजीनामा मी लेखी ऑफर हातात आल्यावरच देईन.

कागद उद्यापर्यंत मिळाले तर शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत हो किंवा नाही, नक्की कळवते. कंपनीला तोवर थांबणं शक्य नसेल तर तसं याच मेलवर सांगा. पुढचं बोलणंही शक्यतो मेलवरच करूया.

आपली,
मृण्मयी