समाजकार्य पदव्युत्तर प्रवेशासाठी निवेदन : ओढ्यावरचा वनराई बंधारा

पदवीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी मी महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकात स्वयंसेविका होते. दोन वर्षांत 240 तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर मी पूर्ण केले. त्यातील ज्या एका कामाविषयी येथे लिहीत आहे, ते जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील एका वाडीत नोव्हेंबर 2024 ते मे 2025 या काळात झाले. या भागात पावसाळ्यात भातखाचरे तुडुंब भरतात. मात्र उतारावरचे पाणी थांबत नसल्याने उन्हाळ्यात त्याच वाडीला टँकरची वाट पाहावी लागते. ओढ्याला धार असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा, असे आमच्या पथकाने ग्रामस्थांशी बोलून ठरवले.

बंधाऱ्याची कल्पना माझी नव्हती आणि 34 विद्यार्थ्यांच्या श्रमाचे श्रेयही माझे नाही. माझ्याकडे दोन जबाबदाऱ्या होत्या : गोण्या जमवणे आणि पाण्याची नोंद ठेवणे. सहा जणांच्या गटाने तीन आठवडे शहरातील बांधकामांवर फिरून सुमारे 450 गोण्या मिळवल्या. त्या झटकून, फाटक्या बाजूला काढून 380 गोण्या आम्ही वाडीवर नेल्या. नोंदीसाठी मी सुताच्या दोरीला दर अर्ध्या फुटावर गाठ मारून टोकाला दगड बांधला आणि ओढ्याकाठच्या विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दर पंधरा दिवसांनी मोजून वहीत लिहिले.

पहिला रविवार, 10 नोव्हेंबर, जवळजवळ वाया गेला. वाडीत भाताची झोडणी चालू होती, त्यामुळे मदतीला कोणी मोकळे नव्हते. आम्ही आमच्या सुट्टीचा दिवस पाहिला होता, त्यांच्या खळ्याचा नव्हे. संध्याकाळपर्यंत गोण्यांचे चार थर रचून झाले, पण पाणी वर चढेना. धुणे घेऊन आलेल्या एका आजींनी पाण्यात हात घालून तळाची वाळू उकरून दाखवली आणि म्हणाल्या, "पोरी, पान्याला खालनं वाट गावलीय. वर कितीबी पोती रचा, ते ऱ्हायाचं न्हाई." पुढच्या रविवारी आम्ही सगळ्या गोण्या काढल्या, तळातील वाळू-गोटे खडक लागेपर्यंत उपसले, गोण्यांच्या दोन ओळींमध्ये चिकणमाती ठासली आणि सांधे एकावर एक येणार नाहीत अशा रीतीने थर पुन्हा रचले. या वेळी वाडीतील अकरा जण सोबत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी वरच्या थरावरून वाहू लागल्याचा फोन आला.

सुमारे नऊ मीटर लांबीच्या या बंधाऱ्यामागे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाणी टिकले. ग्रामस्थांच्या सांगण्यानुसार एरवी हा ओढा डिसेंबरअखेर आटतो. चार शेतकऱ्यांना हरभऱ्याला दोन जादा पाणी देता आले आणि सात घरांतील बायकांची धुण्यासाठी दीड किलोमीटरवर जाण्याची फेरी काही आठवडे टळली. विहिरीच्या पातळीबद्दल मात्र मी दावा करू शकत नाही, कारण आदल्या वर्षीची मोजणी नव्हती आणि 2024चा पाऊसही चांगला झाला होता. एप्रिलमध्ये वाडीत टँकर आलाच. जानेवारीतील शिबिराच्या अहवालाच्या पहिल्या मसुद्यात मी "पाणीटंचाई दूर झाली" असे लिहिले होते. अंतिम प्रत देण्यापूर्वी वही समोर ठेवून ते वाक्य मी खोडले आणि त्या जागी तारखा व आकडे लिहिले.

या कामातील एक गोष्ट मला अजूनही सलते. मे महिन्यात शेवटची नोंद घेण्यासाठी गेले, तेव्हा उन्हाने गोण्यांचे धागे सुटून ओढ्याच्या खालच्या अंगाला झुडपांत अडकले होते आणि एक शेळी ते चघळत होती. पाणी अडवताना आम्ही प्लास्टिक मोकळे सोडले होते, आणि गोण्या मीच आणल्या असल्याने ती चूक माझ्या वाट्याची होती. चार मैत्रिणींना घेऊन दोन दिवसांत आम्ही नऊ पोती तुकडे वेचले आणि उरलेल्या गोण्या पावसापूर्वी रिकाम्या करून घेतल्या. कामाची आखणी करताना ते संपल्यावर मागे काय उरेल आणि ते कोण उचलेल, हे मी तोवर कधी विचारले नव्हते. नोव्हेंबर 2025 मध्ये पथकाने पुन्हा बंधारा घातला, तेव्हा गोण्या काढण्याची तारीख आधी ठरली आणि श्रमदानाचे दिवस झोडणी उरकल्यावर वाडीने निवडले.

पाणलोट क्षेत्रातील कामांचे नियोजन आणि मूल्यमापन मला रीतसर शिकायचे आहे, म्हणून ग्रामीण विकास या विशेषीकरणासाठी मी अर्ज करीत आहे. गाठींची दोरी आणि वही आता वाडीतील नववीत शिकणाऱ्या एका मुलीकडे आहे. विहिरीची नोंद ती घेते आणि दर पंधरवड्याला मला फोनवरून कळवते.