निळा थेंब

आक्कांच्या खुब्याचं ऑपरेशन मिरजेत झालं, तेव्हा तासगावात अण्णामामांनी रात्रभर फोन उशाशी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपवर भाच्याचा, सुमितचा मेसेज आला.

"आई दोन वाजता 😪 घाई करू नका, संध्याकाळी या."

मामांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मिटलेले डोळे आणि निळा थेंब. त्यांनी सुमितला फोन लावला. रिंग वाजत राहिली, उचलला कुणीच नाही. मग ते परसात गेले आणि भिंतीपलीकडे हाक मारली, "बबन! आक्का गेली रे!"

बांधावरच्या लिंबाच्या झाडावरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा मामांनी दुसऱ्याच्या हाती पाठवली होती. बबन तसाच अनवाणी धावत आला. मामींनी चुलीवरची आमटी उतरवली. तेवढ्यात कोल्हापूरच्या धाकटीला कळलं, तिनं पुण्याला कळवलं, आणि ग्रुपवर 💐🙏 पडायला लागले. पुण्याचा पुतण्या ऑफिसातून तसाच निघाला.

मिरजेला जाताना जीपमध्ये बबन एवढंच म्हणाला, "मागच्या महिन्यात तिनं बोलावलं होतं. तू असशील म्हणून गेलो नाही."

मामांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

वॉर्डाच्या दारात दोघंही थबकले. आक्का उशाला टेकून बसल्या होत्या आणि नर्सशी भांडत होत्या, "हा काय भात आहे? मीठ कुठंय ह्यात?" बाकड्यावर सुमित गाढ झोपलेला, फोन चार्जिंगला.

बबन तिथंच फरशीवर बसला आणि मोठ्यानं रडू लागला. सुमित दचकून उठला. मामांनी त्याच्यापुढं फोन धरला, "हे काय लिहिलंस?"

"आई झोपली म्हणून लिहिलं, मामा. रात्रभर कळा येत होत्या, दोनला डोळा लागला. हा थेंब नाकाचा फुगा आहे. जपानी कार्टूनमध्ये झोपलेला माणूस असा काढतात."

"फुगा? डोळ्यातनं पाणी येतंय हे!"

सुमितनं चित्र मोठं करून दाखवलं. बबननं नाक पुसत डोकावून पाहिलं आणि ठामपणे म्हणाला, "अण्णा म्हणतो तेच बरोबर. पाणीच आहे."

आक्का एकदा ह्या भावाकडे, एकदा त्या भावाकडे बघत राहिल्या. "तुम्ही दोघं एका गाडीनं आलात?"

"हो," बबन म्हणाला.

"पुण्याचा पोरगा कुठवर आलाय? त्याला सांगा, सावकाश ये. माझ्यासाठी लिंबाचं लोणचं आण म्हणावं." मग त्यांनी सुमितकडे हात पुढं केला. "आण तो फोन. माझ्या मागं कोण काय म्हणालं, सगळं वाचून दाखव. धाकटीपासून सुरू कर."